कात्रीनं कापलेला मेल

मारुतरावांच्या पोटात दुखायला लागलं ते एका कागदावरून, आणि तो कागद त्यांच्या हातात मायानं स्वतः आणून दिला होता. हेच तर जास्त झोंबलं.

सोमवारची सकाळ होती, २००६ सालच्या एप्रिलातली. चौफुल्याजवळच्या दूध प्लँटवर टेम्पो लागलेले, कॅनचा खडखडाट चाललेला. लॅबमधली माया दौंडची. वडील रेल्वेत, पोरगी डेअरीचं शिकलेली, प्लँटवर येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. ती पांढऱ्या कोटातच बाहेर आली आणि म्हणाली, "आबा, पुण्याहून रणदिवे साहेबांचा मेल आलाय. तुम्हालाही सीसी आहे, म्हणून एक प्रिंट काढली."

मारुतरावांनी चष्मा लावला. साहेब मेल लिहायचे ते इंग्रजी अक्षरांत मराठी, त्यामुळं एकेक शब्द बोट ठेवून वाचावा लागायचा. पण जे वाचलं ते नीटच कळलं.

"माया, मांडवगण फराटा रूटचं काम मी तुमच्याकडे सोपवतोय. काय व्हायला हवं : नऊ संकलन केंद्रांतून येणारा एकही कॅन आंबट म्हणून परत जाऊ नये, असे सलग सात दिवस. कधीपर्यंत : सोमवार १५ मे. तुम्ही स्वतः ठरवू शकता : टेम्पोच्या वेळा, केंद्रांचा क्रम, कॅन धुण्याची पद्धत. मला विचारल्याशिवाय करायचं नाही : केंद्र बंद करणं किंवा हलवणं, दुधाच्या भावाबद्दल बोलणं, गावात कुणाला शब्द देणं. गुरुवार ४ मे, सकाळी अकरा वाजता मी फोन करेन. तोवरच्या परत गेलेल्या कॅनचा तक्ता आणि जिथे अडलंय ते, दोन्ही तयार ठेवा. अडलेलं लपवू नका, त्यासाठीच फोन आहे. मारुतरावांना रूट माहीत आहे, त्यांची मदत घ्या."

मदत घ्या! अठरा वर्षं. अठरा वर्षं मारुतराव पारगावच्या पुलावरून नदी ओलांडून त्या रूटवरची केंद्रं बघायला जात होते, आधी सायकलवर, मग राजदूतवर, आता हिरो होंडावर. कुठल्या वस्तीवर कुणाची म्हैस आटली हे त्यांना त्या घरातल्या सुनेच्या आधी कळायचं. आणि काम मिळालं कुणाला, तर परीक्षानळीत दूध उकळणाऱ्या पोरीला. वर ह्यांनी मदत करायची, म्हणजे कुणाच्या लग्नात कुणी पाणी भरायचं ते बघा.

आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेनं टिपली. कागद खालून कापलेला होता. कात्रीनं, घाईघाईत, तिरका. साहेबांच्या नावाखाली दोन बोटं कोरी जागा आणि मग कापलेली कड.

"खाली काय हुतं गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आबा, फालतू होतं," माया म्हणाली आणि नजर चुकवून लॅबमध्ये गेली.

फालतू असेल तर कात्री कशाला लागते? मारुतरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खाली यवत असणार.

आता हे यवतचं काय ते सांगायला हवं, नाहीतर म्हातारा उगीच जळफळतोय असं वाटेल. कंपनी यवतला नवीन शीतकरण केंद्र काढणार होती. त्याला एक इनचार्ज लागणार होता. मारुतरावांचं घर यवतला, हायवेपासून दहा मिनिटांवर. पन्नाशी गाठलेली, कंबर गाडीवरच्या धक्क्यांनी खिळखिळी झालेली. खुर्चीत बसून काम, दारावर नावाची पाटी, दुपारच्या जेवणाला घरी. त्यांची बायको सोजराबाई तर आळीतल्या बायकांना सांगूनही मोकळी झाली होती, की आमचे हे आता हितंच साहेब होणार. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे बोलणं तिनं उगीच केलं नव्हतं. मारुतरावांनीच तिला तसं सांगितलं होतं. दुसरं कोण होणार होतं? आणि आता ही पोरगी. हिला मांडवगणचं काम द्यायचं, ते झालं की यवतची खुर्ची द्यायची, असा हा बेत. ते खाली लिहिलेलं असणार, म्हणून कापलं.

त्या दिवशी मारुतरावांना डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माया कामाला लागली. आणि खोटं कशाला बोलायचं, पोरगी कामाला वाघ होती. तिनं पहिल्यांदा तीन दिवस नुसत्या नोंदी केल्या : कुठल्या केंद्राचा कॅन किती वाजता भरला, किती वाजता टेम्पोत चढला, किती वाजता प्लँटवर उतरला, आणि नळीत उकळल्यावर दूध फाटलं की टिकलं. मग टेम्पोवाल्या दत्ताला तिनं न्हावऱ्याच्या चहाचा थांबा परतीच्या रिकाम्या फेरीत घ्यायला लावला. जी केंद्रं लांब होती ती शेवटी घेतली, म्हणजे त्यांचं दूध उन्हात कमी वेळ राहील. कॅन गरम पाण्यानं धुऊन उपडे ठेवायचे, असं प्रत्येक केंद्रावर जाऊन करून दाखवलं. रोज आठ-दहा कॅन आंबट म्हणून परत जायचे, ते आठवडाभरातच रोज दोनवर आले.

प्लँटवर जो तो मायाचं नाव घ्यायला लागला. मॅनेजर चहा पिताना म्हणाले, "हे आधीच व्हायला पाहिजे होतं." आधी म्हणजे कुणी करायला पाहिजे होतं, हे मारुतरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हातातला कप त्यांनी अर्धाच ठेवला.

पण ते दोन कॅन काही हटेनात. दोन्ही रतनबाईच्या केंद्राचे, मांडवगणच्या पलीकडच्या वस्तीवरचे. तिथं टेम्पो लवकर नेला, कॅन उकळत्या पाण्यानं धुतले, झाकणं बदलली. तरी सकाळी नळीत दूध फाटायचंच. माया वैतागून जायची. रजिस्टर पुढ्यात घेऊन पेन्सिल चावत बसायची.

मारुतरावांना कारण माहीत होतं.

ते काही मोठं गुपित नव्हतं. त्या वस्तीवरच्या बायका दिवसभर दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायच्या. घरी येऊन धार काढेपर्यंत सात वाजायचे, आणि संध्याकाळचा टेम्पो साडेसहालाच निघून जायचा. मग त्या संध्याकाळचं दूध ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि सकाळच्या दुधात मिसळून केंद्रावर आणायच्या. रतनबाईला हे माहीत होतं, मारुतरावांना माहीत होतं. हिवाळ्यात खपून जायचं, उन्हाळ्यात फाटायचं. गरिबाच्या घरातलं दूध कशाला परत करा, म्हणून इतकी वर्षं त्यांनी डोळेझाक केली होती. चांगल्या मनानंच केली होती.

आता मात्र ते गप्प बसले, ते काही चांगल्या मनानं नाही. हे त्यांनाही कळत होतं. माया एकदा म्हणाली, "आबा, रतनबाईंच्या केंद्राचं तुम्हाला काय वाटतं?" तर त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, "पाण्याचा दोष आसंल. तकडचं पानीच मचूळ हाय." तोंडातून शब्द गेला आणि त्यांना आतून जरा बरं वाटलं. दुसऱ्याचं अडलेलं बघून बरं वाटणं ही काही शोभेची गोष्ट नाही. पण वाटलं त्याला काय करणार? घे म्हणावं यवत. बस म्हणावं खुर्चीत. दोन कॅन तर आण आधी.

नुसतं गप्प बसून भागलं असतं तर ठीक होतं. चार मे जवळ आली तसा मारुतरावांच्या मनात आणखी एक किडा वळवळला. बुधवारी दुपारी ते आपणहून लॅबमध्ये गेले, स्टूल ओढून बसले आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "पोरी, येवढं कशाला झुरतीस? रतनबाईचं केंद्र पंधरा दिस बंद ठिव. तिला म्हनावं, कॅन नाहीत. बाकी आठ केंद्रं एकदम चोख. सात दिस झालं की परत चालू कर. पुण्यात बसून कुनाला कळतंय?"

बोलताना त्यांची नजर भिंतीवरच्या कागदावर होती. मायानं तो मेल तिथं चिकटवला होता, त्यावरही तीच तिरकी कड. 'केंद्र बंद करणं' ही ओळ त्यांना पाठ झाली होती. एकदा का पोरीनं ती ओळ ओलांडली, की साहेबांच्या कानावर घालायला कितीसा वेळ लागतो?

मायानं त्यांच्याकडं बघितलं. क्षणभर तिलाही मोह झाला असावा, कारण तिनं रजिस्टरातली आठ केंद्रं मोजली. मग मान हलवली.

"नाही आबा. ते माझ्या हातात दिलेलंच नाही. आणि चाळीस घरांचं दूध बंद करून मी कसला तक्ता दाखवू? उद्या फोन आहेच. अडलंय तर अडलंय म्हणून सांगते."

"साहेबाला आसं सांगितलं तर काय म्हनतील? हिला जमलं न्हाई म्हनतील."

"म्हणू देत. त्यांनीच लिहिलंय ना लपवू नका म्हणून."

मारुतराव उठले. ह्यांच्या काळात साहेबाला 'अडलंय' म्हणून सांगायची रीत नव्हती. साहेबानं विचारलं की 'झालं साहेब' म्हणायचं आणि मग धावपळ करून करायचं. कधी व्हायचं, कधी नाही व्हायचं. ही पोरगी एक तर अगदी भोळी होती नाहीतर अगदी हुशार, आणि दोन्हीही त्यांना सहन होत नव्हतं.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना सगळे ऑफिसात जमले. ऑफिस म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर सविता. सविताचं काम टाइपिंग, फोन घेणं, आणि पूर्वी एक तिसरं काम होतं. कंपनीचा एकच सामाईक मेल असायचा. सविता तो उघडायची, प्रिंट काढायची, वर तारखेचा शिक्का मारायची आणि ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये टाकायची. मार्च महिन्यात पुण्याहून हुकूम आला की प्रत्येकाला आपापला ईमेल. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी मिळाली, पत्ता आणि पासवर्ड लिहिलेली. मारुतरावांनी ती चिठ्ठी चष्म्याच्या घरात, काचा पुसायच्या फडक्याखाली ठेवून दिली. आपण काय टायपिस्ट आहोत? काही असेल तर ट्रेमध्ये येईल. ट्रे रिकामाच राहायला लागला, तर ते म्हणाले, बरं झालं, कटकट गेली.

बरोबर अकराला फोन वाजला. सवितानं स्पीकरचं बटण दाबलं.

मायानं तक्ता वाचला. दहावरून दोन. कुठल्या बदलानं किती कमी झाले ते सांगितलं. मग थांबून म्हणाली, "साहेब, रतनबाईंच्या केंद्राचे दोन कॅन रोज परत जातात. कारण मला सापडलं नाही. वेळ, कॅन, पाणी सगळं तपासलं. पंधरा मेपर्यंत सलग सात दिवस हवे असतील तर मला आठ तारखेच्या आत कारण कळायला हवं. मला मदत लागणार आहे."

"चांगलं केलंत की आत्ता सांगितलं," रणदिवे साहेबांचा आवाज आला. "चौदा तारखेला कळलं असतं तर काही करता आलं नसतं. मारुतराव आहेत का तिथं?"

"हाय साहेब."

"तुम्हाला काय वाटतं? रूट तुमचा आहे."

आता बघा, देवानं माणसाला संधी दिली तर ती अशी समोर आणून द्यावी. सगळ्यांच्या देखत, साहेबांच्या कानावर. एका वाक्यात कारण सांगितलं असतं तर मारुतरावांचंच नाव झालं असतं. पण तिचं कामही झालं असतं. आणि ते घशाखाली उतरेना.

"न्हाई बा साहेब. काय कळत न्हाई बघा," मारुतराव म्हणाले.



"ठीक आहे. माया, उद्या आणि परवा तुम्ही स्वतः पहाटेच वस्तीवर जा, घराघरात धार काढताना बघा. सोमवारी सकाळी मला पुन्हा सांगा. आणि मारुतराव, तुमचं एक राहिलंच. मी तुम्हाला दोनदा मेल केला, एकाचंही उत्तर नाही. एप्रिलमध्येच आलं असतं तर बरं झालं असतं. असो."

फोन बंद झाला. माया एकदम उठली आणि तक्ता गोळा करून लॅबकडं गेली, जवळजवळ पळालीच. मॅनेजर बाहेर गेले. मारुतराव तिथंच उभे.

"कसला मेल गं?" त्यांनी सविताला विचारलं.

"तुमच्या आयडीवर असेल आबा. तो मला कसा दिसणार? चिठ्ठी आहे का पासवर्डची?"

चष्म्याच्या घरातून चिठ्ठी निघाली. घामानं मऊ झालेली, पण अक्षर दिसत होतं. सवितानं टाइप केलं, उठून त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली, "हे जाड काळ्या अक्षरातले न वाचलेले. त्यावर टिचकी मारा." मग तिला कॅन उतरवायच्या डॉकवरून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

सगळेच जाड होते. मारुतरावांनी सगळ्यात खालचा, रणदिवे साहेबांचा पहिला उघडला. तारीख १५ एप्रिल, शनिवार. बोट पडद्यावर ठेवून ते वाचायला लागले.

"मारुतराव, मांडवगण फराटा रूटचं काम मी तुमच्याकडे सोपवतोय. काय व्हायला हवं : नऊ संकलन केंद्रांतून येणारा एकही कॅन आंबट म्हणून परत जाऊ नये, असे सलग सात दिवस. कधीपर्यंत : शुक्रवार ५ मे."

तेच शब्द. त्याच ओळी. टेम्पोच्या वेळा, केंद्रांचा क्रम, केंद्र बंद करायचं नाही, गावात कुणाला शब्द द्यायचा नाही. "गुरुवार २० एप्रिल, सकाळी अकरा वाजता मी प्लँटवर फोन करेन. लॅबमधल्या माया यांची मदत घ्या, नोंदी त्या चांगल्या ठेवतात." आणि शेवटी : "हा रूट तुमच्याइतका कुणाला माहीत नाही. हे काम तडीस गेलं की यवतच्या केंद्राचा इनचार्ज म्हणून तुमचंच नाव वर पाठवणार आहे. मिळाल्याचं कळवा."

मारुतरावांना आठवलं. वीस एप्रिल. दुपारी रूटवरून आले तेव्हा सविता म्हणाली होती, आबा, साहेबांचा फोन होता, तुम्ही नव्हतात. आणि ते म्हणाले होते, गरज आसंल तर करतील परत.

दुसरा मेल २१ तारखेचा. तो मायाला होता, यांना सीसी. वरचा भाग पाठ होता. त्यात यवतचा शब्दही नव्हता. पण इथं तो कापलेला नव्हता. साहेबांच्या नावाखाली दोन ओळी होत्या : "हे काम आधी मारुतरावांना दिलं होतं, मूळ मेल खाली आहे. उत्तर नाही, ठरलेल्या दिवशी फोनलाही भेटले नाहीत. काम थांबवता येत नाही." आणि त्याखाली त्यांचा तो पहिला मेल, जसाच्या तसा, यवतसकट.

हे कापलं होतं पोरीनं. प्लँटवर कुणी वाचू नये म्हणून. भिंतीवर लावायच्या प्रतीतूनही कापलं होतं. आणि आपण त्या कडेकडं बघून दहा दिवस जळत राहिलो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मारुतरावांचे कान तापले. त्यांना वाटलं, कुणी आत येऊ नये, निदान थोडा वेळ तरी.

मग ते उठून लॅबमध्ये गेले. माया नळ्या धूत होती. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिला कळलं.

"वाचला?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय. मला सांगायचं तरी."

"कसं सांगणार आबा? तुम्ही वाचला असणार आणि तुम्हालाच नको असेल, असं वाटलं मला. त्यात पुन्हा माझ्या तोंडून."

मारुतराव स्टुलावर बसले.  तिनं नळ बंद केला.

"उद्या पहाटे जायाची गरज न्हाई तुला," ते म्हणाले. "रतनबाईच्या वस्तीवर सात वाजता धार निघती. टेम्पो साडेसहाला जातो. सांजचं दूध सकाळच्यात मिसळत्यात त्या. म्हनून फाटतं. दत्ताला सांग, सांजच्या फेरीत ती वस्ती शेवटाला घे, साडेसातला. वेळ बदलायची हाय निस्ती. ते तुझ्या हातात हाय."

माया बघतच राहिली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"लई दिस."

ती रागावलीही नाही, हसलीही नाही. नुसती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि तेच त्यांना सोसवेना. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिनं पेन घेऊन रजिस्टरात साडेसात लिहिलं.

मारुतराव परत ऑफिसात आले. सविता जाग्यावर येऊन बसली होती.

"उत्तर लिव्हायचंय," ते म्हणाले.

"सांगा, मी टाइप करते."

"न्हाई. मीच लिव्हतो. कुठं दाबायचं तेवढं दाव."

एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, त्यांना तीन ओळींना अर्धा तास लागला. साहेब, मेल मी आज वाचला. रतनबाईच्या केंद्राचं कारण मला आधीपासून माहीत होतं, मगाशी फोनवर मी खोटं बोललो. कारण मायाला सांगितलंय, काम तिनंच केलंय.

त्यांनी ते दोनदा वाचलं. यवतबद्दल एक ओळ लिहावीशी वाटली. बोट तसंच अधांतरी राहिलं. मग त्यांनी ती लिहिली नाही. संध्याकाळी सोजराबाईला काय सांगायचं, ते वाटेत ठरवता येईल.

"सविता," ते म्हणाले, "ते सीसी कुठं लिव्हायचं?"

तिनं जागा दाखवली. त्यांनी तिथं मायाचं नाव शोधून शोधून टाइप केलं आणि पाठवून दिलं.